हक्क सोडा, पण फुकट सोडू नका

मे २०२० मध्ये, देश टाळेबंदीत असताना, रिलायन्स इंडस्ट्रीजच्या लाखो भागधारकांच्या डिमॅट खात्यात एक अनोळखी नोंद दिसू लागली. नावात रिलायन्स होते, पुढे ‘आरई’ ही अक्षरे होती. विकत तर काही घेतले नव्हते, मग हे आले कुठून? ही नोंद म्हणजे राइट्स एन्टायटलमेंट, म्हणजे नवे शेअर ठरलेल्या भावात मागण्याचा हक्क. हा हक्क डिमॅट खात्यात जमा करून शेअर बाजारात विकता येईल अशी व्यवस्था सेबीने त्याच वर्षी जानेवारीत आणली होती. ती मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरली गेली ती या इश्यूत.

कंपनीला जादा भांडवल हवे असेल आणि ती नवे शेअर काढणार असेल, तर ते आधी असलेल्या भागधारकांना, त्यांच्याकडच्या शेअरांच्या प्रमाणात देऊ करण्याचा मार्ग कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३ चे कलम ६२ तो सांगते. त्यातच आणखी एक गोष्ट आहे: भागधारकाला हे शेअर नको असतील तर आपला हक्क तो दुसऱ्याच्या नावे सोडू शकतो, पूर्ण किंवा थोडा. यालाच हक्कत्याग म्हणतात, आणि सामान्य गुंतवणूकदाराचे सर्वांत जास्त नुकसान होते ते इथेच.

रिलायन्सच्या डोक्यावर ३१ मार्च २०२० रोजी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी रुपयांचे निव्वळ कर्ज होते. ते उतरवण्याच्या योजनेतला एक भाग म्हणजे हा ५३,१२४ कोटींचा राइट्स इश्यू. १४ मे ही रेकॉर्ड डेट. त्या दिवशी ज्याच्या नावावर १५ शेअर, त्याला १ नवा शेअर १२५७ रुपयांना मागण्याचा हक्क. बाजारात तेव्हा शेअरचा भाव साडेचौदाशेच्या आसपास होता. मात्र १२५७ रुपये एकदम द्यायचे नव्हते. अर्जासोबत ३१४.२५, मे २०२१ मध्ये पुन्हा ३१४.२५ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेले ६२८.५०, असे तीन हप्ते होते.

एक उदाहरण घेऊ. समजा एका निवृत्त शिक्षिकेकडे ३०० शेअर आहेत. तिच्या खात्यात २० हक्क जमा झाले. हिशेब सोपा राहावा म्हणून बाजारभाव १४५७ रुपये धरू. पंधरा जुने शेअर १४५७ ने आणि एक नवा १२५७ ने, असे सोळा शेअर एकत्र केले की सरासरी येते १४४४.५०. म्हणजे इश्यूमुळे प्रत्येक जुन्या शेअरची किंमत साडेबारा रुपयांनी खाली येणार. तिच्या ३०० शेअरांवर ही घट ३७५० रुपयांची. आता एका हक्काची किंमत पाहा. १४४४.५० चा शेअर १२५७ ला मिळतो, तर त्या हक्काचे मोल १८७.५० रुपये. असे २० हक्क म्हणजे बरोबर ३७५० रुपये.

हे दोन आकडे जुळतात, आणि राइट्स इश्यूचे सगळे मर्म त्यातच आहे. कंपनीने काही भेट दिलेली नाही. जुन्या शेअरमधून जे मूल्य निघाले तेच हक्काच्या रूपाने खात्यात आले आहे. म्हणून ‘मला नवे शेअर नकोत, मी काहीच करत नाही’ हे वाक्य निरुपद्रवी वाटले तरी तसे नाही. मुदतीत अर्ज केला नाही आणि हक्क विकलाही नाही, तर तो रद्द होतो. घट मात्र जुन्या शेअरवर राहतेच. शिक्षिका गप्प राहिली असती तर ३७५० रुपये गेले असते, आणि तिला ते कळलेही नसते, कारण खात्यातून कोणी पैसे काढलेले नसतात.

तिच्यापुढे चांगले मार्ग दोन होते, आणि दोन्ही थोडेथोडे वापरायचीही मुभा होती. समजा तिने १२ हक्क ठेवले आणि ८ विकले. विक्रीचे १५०० रुपये आले. ठेवलेल्या १२ साठी अर्जाबरोबर ३७७१ रुपये भरायचे, म्हणजे खिशातून गेले २२७१. पुढच्या मे महिन्यात ३७७१ आणि नोव्हेंबरमध्ये ७५४२ रुपये द्यायचे. १२ शेअरांचे एकूण १५,०८४ रुपये. विकलेल्या हक्कांच्या पैशांवर कर लागतो. हक्काची खरेदी किंमत शून्य धरतात, त्यामुळे आलेली सगळी रक्कम अल्पकालीन भांडवली नफा ठरते.

विकलेल्या ८ हक्कांचे १५०० रुपये कंपनीने दिलेले नाहीत, ते घेणाऱ्याने दिले. कंपनीच्या वहीत या व्यवहाराची नोंदच होत नाही. तिला कळते एवढेच, की या आठ शेअरांचा अर्ज आता दुसरा कोणीतरी करेल. त्याच्याकडून ती १२५७ रुपयेच घेणार, तेही हप्त्यांनीच. हक्क कितीही हातांतून फिरला तरी कंपनीचे भांडवल ना वाढते ना घटते. रिलायन्सच्या खात्यावर अर्जाच्या टप्प्यात सुमारे १३,२८१ कोटी आले, पुढच्या मेमध्ये तेवढेच अपेक्षित होते आणि शेवटच्या हप्त्यात २६,५६२ कोटी. यातले भागभांडवल म्हणून दाखवले जाते ते फारच थोडे. शेअरची दर्शनी किंमत १० रुपये, म्हणून पहिल्या ३१४.२५ मधले अडीच रुपये भागभांडवलात गेले आणि ३११.७५ रुपये प्रीमियमच्या खात्यात.

प्रत्यक्ष बाजारात आरईचा भाव दोनशे रुपयांच्या आसपास राहिला. वरच्यासारखे साधे गणित केले असता येणाऱ्या किमतीपेक्षा तो बऱ्याचदा जास्त होता, आणि त्यामागे अडाणीपणा नव्हता. १२५७ पैकी ९४२.७५ रुपये वर्ष-दीड वर्षाने द्यायचे असतील, तर तेवढा काळ ते पैसे आपल्याकडे व्याज मिळवतात. हप्त्यांची ही सवलत हक्काच्या भावात उतरते.

हक्क विकत घेणाऱ्यांनी मात्र फार सावध राहायला हवे. आरई २० मे ते २९ मे या काळात बाजारात विकता-घेता येत होती. इश्यू बंद होण्याची तारीख होती ३ जून. मधले दिवस यासाठी ठेवलेले, की विकत घेतलेला हक्क खात्यात यावा आणि मग वेगळा अर्ज करून ३१४.२५ रुपये भरता यावेत. हक्क घेतला म्हणजे शेअर मिळाला असे समजून अर्जच न करणाऱ्याचे दोनशे रुपये बुडतात. तो व्यवहार एका दिवसात उलटवण्याचीही सोय नसते, कारण आरईच्या सौद्यात प्रत्यक्ष ताबा द्यावा-घ्यावा लागतो.

लहान भागधारकांसाठी एक बारकावा सांगायला हवा. ज्याच्याकडे १०० शेअर होते त्याला ६ हक्क मिळाले, उरलेला अपूर्णांक सोडून दिला. पण ज्याने आपले सगळे हक्क वापरले आणि वर एखादा जादा शेअर मागितला, त्याला त्या अपूर्णांकामुळे एक शेअर देताना प्राधान्य होते. ज्याने थोडे जरी हक्क विकले त्याला जादा शेअर मागता येत नव्हते. म्हणजे आमच्या शिक्षिकेने ८ हक्क विकले तेव्हा ही वाट तिच्यासाठी बंद झाली. इश्यूला दीडपटीहून जास्त मागणी आली, त्यामुळे जादा मागणाऱ्यांनाही हवे तेवढे मिळाले नाही.

सगळ्यांत जास्त गैरसमज आढळतो तो हप्त्यांविषयी. अर्ज मंजूर झाल्यावर जे शेअर मिळाले ते अंशतः भरणा झालेले शेअर होते. त्यांची १५ जून २०२० रोजी बाजारात वेगळ्या नावाने नोंदणी झाली. पूर्ण भरणा झालेला शेअर तेव्हा सोळाशेच्या घरात आणि हा सातशेच्या आसपास. स्वस्तात रिलायन्स मिळतोय असे वाटून अनेकांना त्याचा मोह पडला. पण सोळाशेतून उरलेले ९४२.७५ वजा करा, म्हणजे ती किंमत कुठून आली ते कळेल. सातशे रुपयांच्या शेअरला नऊशे रुपयांचे देणे चिकटलेले आहे. शिवाय मूळ शेअर १०० रुपयांनी हलला तर सोळाशेवर तो सहा टक्के हलतो, सातशेवर तेच चौदा टक्के होतात. चढतानाही आणि पडतानाही. आदल्या मार्चमध्ये हाच शेअर नऊशेच्या खाली गेला होता, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. हप्ता मागितला जातो तेव्हा तो मूळ अर्जदाराने भरायचा नसतो. हप्त्यासाठी ठरवलेल्या रेकॉर्ड डेटला ज्याच्या नावावर शेअर असेल, त्याने भरायचा. मध्यंतरी कोणी हे शेअर विकले तर देणेही शेअरसोबत घेणाऱ्याकडे जाते. हप्त्याच्या आधी काही दिवस या शेअरांचे सौदे थांबवतात ते याच हिशेबासाठी. पैसे वेळेत भरले नाहीत तर व्याज लागते, मग नोटीस येते, आणि तरीही भरले नाहीत तर कंपनी शेअर जप्त करू शकते. तसे झाले तर आधी भरलेली रक्कमही परत मिळत नाही. लाभांश आणि मताचा अधिकार भरलेल्या रकमेच्या प्रमाणातच मिळतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटचा हप्ता आला तेव्हा रिलायन्सचा भाव दोन हजार चारशेच्या वर होता, त्यामुळे भरणाऱ्यांना आनंदच झाला. पण हा शेवट आधी कोणाला माहीत नव्हता. ज्याने २०२० मध्ये हक्क दोनशेला विकला त्याने चूक केली असे मी म्हणणार नाही. पुढची देणी झेपणार नाहीत हे ओळखून विकणे हा शहाणपणाचाच निर्णय. पहिला हप्ता कसाबसा भरून दुसरा चुकवणे, हे मात्र महाग पडते.

आता एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांचे जुने शेअर कागदी स्वरूपात असतील, तर त्यांच्या वाट्याचे हक्क थेट खात्यात येत नाहीत. ते कंपनीने उघडलेल्या वेगळ्या डिमॅट खात्यात पडून राहतात, आणि मुदतीआधी आपल्या डिमॅट खात्याचा तपशील कळवला नाही तर तिथेच रद्द होतात. कपाटातली शेअर प्रमाणपत्रे या महिन्यातच बाहेर काढा आणि ती डिमॅटमध्ये रूपांतरित करून घ्या. डिमॅट खात्याला जोडलेला ईमेल आणि मोबाइल क्रमांक चालू आहे का, तेही तपासा. राइट्स इश्यूची सूचना तिथेच येते, आणि मुदत उलटल्यावर तिचा काही उपयोग नसतो.