पी हळद अन् हो गोरी! : चरबी जाळणाऱ्या डब्याचा हिशेब

वाचकहो, गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात पूर्वी अंगावरची चरबी हा चर्चेचा विषय नव्हता. आता घराघरात एखादी वहिनी, एखादे काका वजनाने त्रासलेले असतात. गुडघे दुखतात, साखर वाढते, दवाखान्यात डॉक्टर "वजन कमी करा" म्हणतात. नेमके अशा वेळी बाजारातल्या गाडीवरून, नाहीतर मोबाईलवरून हाक येते : "१० दिवसांत १० किलो! चरबी जाळा, शरीरातले विष बाहेर काढा, प्रतिकारशक्ती वाढवा!" डब्याची किंमत दोन-तीन हजार. घरी कापसाचे पैसे नुकतेच आलेले असतात, आणि वहिनी म्हणतात, "भाऊजी, एकदा घेऊन तर बघू."

घेऊन बघण्याआधी हिशेब करून बघू या. मापात पाप कुठे आहे, हे ज्याला कापूस विकताना कळते त्याला हेही कळेल.

वजनकाट्यावरचा पहिला खेळ

आपण ओला कापूस घेऊन गेलो तर घेणारा ओलाव्याची कपात लावतो. कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कमी होतो, आणि त्याहून ओला कापूस परत येतो. आता तोच कापूस दोन दिवस उन्हात पसरला तर काट्यावर वजन उतरते. पण त्यातली रुई गेली काय? सरकी गेली काय? गेले ते नुसते पाणी.

माणसाच्या अंगाचेही तसेच आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा थोडा साठा असतो, साधारण अर्धा किलो. त्याच्या प्रत्येक भागाबरोबर सुमारे तीन भाग पाणी धरलेले असते. खाणे एकदम कमी केले की हा साठा आधी खर्च होतो आणि त्याचे पाणी लघवीवाटे निघून जाते. म्हणून पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो. बाई खूष होते, विकणारा फोटो काढून घेतो, पण चरबी जवळजवळ जागच्या जागी असते. पुन्हा नीट जेवायला लागलात की चार दिवसांत तेच पाणी परत येते, आणि मग ऐकायला मिळते, "तुम्ही डबा मध्येच सोडलात, दुसरा घ्या."

१० दिवसांत १० किलो : आकडा खरा होऊ शकतो का?

आता खऱ्या चरबीचा हिशेब मांडू. माणसाच्या अंगावरची १ किलो चरबी जाळायला सुमारे ७,७०० उष्मांक खर्च व्हावे लागतात. म्हणजे १० किलोसाठी ७७,०००. शेतात आणि घरात राबणाऱ्या सत्तर किलोच्या बाईचे शरीर दिवसाला ढोबळमानाने २,२०० उष्मांक खर्च करते. १० दिवसांचे झाले २२,०००.

तेव्हा त्या बाईने दहाही दिवस अन्नाचा कणसुद्धा तोंडात घातला नाही, नुसत्या पाण्यावर राहिली, तरी २२,००० ला ७,७०० ने भागून उत्तर तीन किलोच्या आत येते. मग उरलेली सात किलो चरबी कोणी जाळली? ती कोणीच जाळली नाही. आणि उपाशी माणूस केवळ चरबी जाळत नाही, अंगातले मांसही गमावतो, ही गोष्ट वेगळीच.

दुसरीकडे सावकाश जाणारा मार्ग पाहा. रोज ५०० उष्मांक कमी घेतले तर आठवड्याला ३,५०० होतात, म्हणजे अर्धा किलोच्या आसपास चरबी. सुमारे ७० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत २४० उष्मांक धरा, तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२०. एक भाकरी आणि दोन चमचे तेल रोज कमी झाले की ५०० च्या जवळ पोहोचलो. दिवस गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने, आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणे कमी करू नये.

गंमत अशी, की बहुतेक डब्यांच्या आत एक कागद असतो. त्यावर लिहिलेले असते : रात्री भाकरी बंद, साखर बंद, तळण बंद, रोज अर्धा तास चालणे. वाचकहो, काम त्या कागदाने केले, पैसे मात्र डब्याने घेतले! कागद पाळा आणि डबा दुकानात राहू द्या.

डब्यात खरेच "काहीतरी" असेल तर?

कधीकधी डबा परिणाम दाखवतो, आणि तेव्हाच जास्त जपावे लागते. पोट साफ करणाऱ्या चहात आणि चूर्णात पुष्कळदा सोनामुखी असते. तिने जुलाब होतात, काट्यावर वजन उतरते, पण गेले ते पाणी आणि मळ. महिनोन् महिने घेतली तर अंगातील क्षार कमी होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, छातीची धडधड बिघडते.

याहून वाईट म्हणजे वनस्पतीच्या नावाखाली छुपे औषध मिसळणे. भूक मारणारे सिब्युट्रामीन नावाचे औषध रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवते, म्हणून भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरीही "शुद्ध वनस्पती" म्हणून विकलेल्या बारीक होण्याच्या औषधांत ते सापडल्याची उदाहरणे अनेक देशांत आहेत. डबा सुरू केल्यावर भूक एकदम मेली, झोप उडाली, छाती धडधडू लागली, तर "गुण येतोय" असे समजू नका. डबा बंद करा आणि तो घेऊनच दवाखान्यात जा.

"शरीरातले विष" : कोणते विष?

दुसरा शब्द विष काढण्याचा. हा शब्द ऐकला की एकच प्रश्न विचारावा : बाबा रे, विषाचे नाव काय? ते आधी अंगात किती होते, आणि तुझे औषध घेतल्यावर किती उरले, हे कोणत्या तपासणीत दिसते? उत्तर मिळत नाही. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला कामाचा भाग परत घेऊन दीड लिटरभर लघवी करतात. यकृताचे काम वेगळेच चालू असते. ही गाळणी बिघडली तर डॉक्टर लागतो, रस लागत नाही.

शेतकऱ्याच्या घरात खरे विष असते ते फवारणीच्या डब्यात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. फवारल्यावर घाम सुटला, लाळ गळू लागली, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, तर विष काढणारा रस, ताक, काढा यांत वेळ घालवू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. उलटी मुद्दाम करवू नका. विषाच्या जातीप्रमाणे उतारा तिथेच मिळतो.

प्रतिकारशक्ती : न मोजता येणारा शब्द

तिसरा शब्द प्रतिकारशक्तीचा. २३ जून २०२० रोजी हरिद्वारला पतंजलीने "कोरोनिल" नावाचे औषध जाहीर केले आणि सात दिवसांत कोरोना पूर्ण बरा होतो असा दावा केला. त्याच दिवशी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने तपासणी होईपर्यंत जाहिरात थांबवायला सांगितले. पुढे उत्तराखंडच्या परवाना खात्याने सांगितले, की परवाना मागितला होता तो प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी आणि खोकला-तापासाठी. याच कंपनीच्या इतर जाहिरातींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण मिटवले.

यातली खूण ओळखा. "रोग बरा करतो" म्हटले की पुरावा मागता येतो. "प्रतिकारशक्ती वाढवतो" म्हटले की मोजायचे काय, हेच कळत नाही. शिवाय ही शक्ती नुसती वाढणे नेहमी चांगले नसते. सांधे सुजवणाऱ्या काही आजारांत तीच शक्ती स्वतःच्या अंगावर उलटते. एखाद्या रोगाविरुद्ध शरीराला तयार करायचे तर त्या रोगाची लस लागते, जशी धनुर्वाताची.

घरचा काढाही याला अपवाद नाही. कोरोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाला ते पटले नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असे त्यांचे म्हणणे. पण २०२२ मध्ये देशातल्या अनेक दवाखान्यांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची माहिती मांडली. लिंबावरची वेल विषारी आहे असा याचा अर्थ नाही. मात्र रोज, महिनोन् महिने काढा घेऊ नये. डोळे किंवा लघवी पिवळी झाली, भूक मेली, तर काढा बंद करावा आणि डॉक्टरांपासून तो लपवू नये.

डबा हातात आल्यावर

डब्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असला म्हणजे कारखान्याला खाद्य बनवायची परवानगी आहे एवढेच ठरते. वरचा दावा खरा असल्याची ती पावती नव्हे. खाद्य म्हणून विकलेल्या वस्तूने रोग बरा करण्याचा दावा करायचाच नसतो. औषध म्हणून विकत असेल, तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या यादीत ५४ आजार आहेत. मधुमेह, कर्करोग, अर्धांगवायू यांच्याबरोबर लठ्ठपणाही त्यात आहे. या आजारांवर औषधाची जाहिरात जनतेपुढे करणे हाच गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे "लठ्ठपणा हमखास बरा" हे फलक वाचताच समजावे, की विकणारा कायद्याच्या बाहेर उभा आहे.

फसलात तर लाजू नका. पावती, डबा, आतला कागद आणि मोबाईलवरची जाहिरात जपून ठेवा. पावती मागितल्यावर जो देत नाही, त्याच्याकडून घेऊच नका. ग्राहक मदतवाणीचा क्रमांक १९१५ आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार करता येते. बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याची फी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वहिनी म्हणाल्या, "एकदा घेऊन तर बघू," तर त्यांच्यासमोर पाटी-पेन्सिल ठेवा. ७७,००० आणि २२,००० हे दोन आकडे एकाखाली एक लिहा, आणि वजाबाकी त्यांनाच करू द्या.