थर्मामीटरला फक्त स्वतःचंच ठाऊक असतं!

तुला कधी ताप आलाय? मग हे तुझ्या चांगलंच ओळखीचं असेल. आई काखेत थर्मामीटर लावते. "हात घट्ट दाबून धर हं, हलवू नकोस!" मग वाट बघायची. पीप पीप! आई आकडा बघते आणि म्हणते, "एकशे एक!"

आता एक गुपित सांगू? जरा कान इकडे कर.

थर्मामीटरने तुझं तापमान मोजलंच नाही! त्याने मोजलं फक्त स्वतःचं तापमान!

अगदी खरं सांगतोय. जुन्या काचेच्या थर्मामीटरात पारा असायचा. तो तापला की फुगायचा आणि बारीक नळीतून वर चढायचा. आताच्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकात एक इवलासा तुकडा असतो. तो तापला की त्याच्यातून वीज जास्त सहजपणे वाहते. पण पारा काय किंवा तुकडा काय, दोघं सांगतात एवढंच : "मी स्वतः आत्ता इतका गरम आहे!"

मग आईला तुझा ताप कसा कळला?

चल, स्वयंपाकघरात जाऊ. दूध फार गरम असलं की आई काय करते? पेला थंड पाण्याच्या भांड्यात ठेवते. दूध निवत जातं आणि पाणी कोमट होत जातं. उष्णता नेहमी जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे निघते. आणि ओळख बघू, ती कुठे थांबते? दोघं सारखेच कोमट झाले की! त्यानंतर त्यांच्यात काहीच देवाणघेवाण उरत नाही. या अवस्थेला म्हणतात औष्णिक समतोल.

काखेतही हेच चालतं. तुझं अंग गरम, थर्मामीटर गार. उष्णता त्याच्या टोकात शिरते आणि आकडा चढू लागतो. चढता चढता तो जवळपास थांबला की, पीप पीप! म्हणजे अंग आणि टोक यांचा समतोल झाला. म्हणूनच वाट बघायची. घाई करून आधीच काढलास तर थर्मामीटर खोटं बोलत नाही बरं का! तो स्वतःचंच तापमान सांगतो. पण ते अजून तुझ्याइतकं झालेलं नसतं!

आता खरी गंमत ऐक.

समज, तुझ्या घरी आईने विरजण लावायला दूध कोमट केलं. थर्मामीटर बुडवला, वाट बघितली. 40 अंश सेल्सियस! आजीनेही तिच्या गावी दूध कोमट केलं. तोच थर्मामीटर नेऊन तिच्या दुधात बुडवला. तिथेही 40!

ही दोन दुधं एकमेकांना कधी भेटलीसुद्धा नाहीत. तरी मी पैजेवर सांगतो. दोन्ही 40 अंशांवर असताना त्यांचे पेले एकमेकांना चिकटवून ठेवले, तर एकाची उष्णता दुसऱ्याकडे जाणार नाही. इकडून तिकडे नाही की तिकडून इकडे नाही!

यामागे एक नियम आहे! पहिल्या वस्तूचा थर्मामीटरशी समतोल आहे. दुसऱ्या वस्तूचाही त्याच आकड्यावरच्या थर्मामीटरशी समतोल आहे. मग त्या दोन वस्तूंचा आपसातही समतोल असणारच.

"हॅ, त्यात काय! हे तर कुणीही सांगेल," असं म्हणतोस? थांब थांब!

तुझी मधल्या बाकावरच्या मुलाशी गट्टी आहे. त्याची शेवटच्या बाकावरच्या मुलाशी गट्टी आहे. मग तुझी त्या शेवटच्याशी गट्टी असेलच का? मुळीच नाही! कदाचित तुमची कट्टी असेल!

आता दोन नवे लोखंडी खिळे घे. चुंबक पहिल्याला ओढतो आणि दुसऱ्यालाही ओढतो. पण चुंबकाला कधीच न लागलेले ते दोन खिळे एकमेकांजवळ ठेव. ते आपले गपचूप पडून राहतात! म्हणजे तिसऱ्याशी जमलं की आपसात जमतंच, असं काही नसतं. उष्णतेच्या बाबतीत मात्र ते जमतं, दर वेळी जमतं! हे नुसत्या विचाराने कळत नाही, प्रयोग करून बघावं लागतं.

आणि तसं जमलं नसतं तर? तुझं दूध 40, आजीचंही 40, तरी पेले चिकटवताच एक तापायला लागलं असतं आणि दुसरं निवायला! मग त्या 40 ला अर्थ काय राहिला असता? काहीच नाही!

या नियमाचं नाव तर आणखी मजेदार आहे. शून्यावा नियम! पहिला नाही, दुसरा नाही, चक्क शून्यावा! उष्णतेच्या शास्त्राला ऊष्मागतिकी म्हणतात. तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या नियमांची नावं आधीच ठरून गेली होती. मग लक्षात आलं की त्यांच्याही आधी सांगायला हवी अशी गोष्ट राहूनच गेली! आता पहिलीच्या आधी काय येतं? बालवाडी! तसाच हा शून्यावा नियम. हे नाव इंग्लंडच्या राल्फ फाउलर यांनी दिलं, असं जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी लिहून ठेवलंय. ते कुठल्या पुस्तकाची चर्चा करताना सुचलं, ओळख! आपल्या मेघनाद साहा आणि बी. एन. श्रीवास्तव यांच्या 1935 सालच्या उष्णतेवरच्या पुस्तकाची!

आता एक प्रयोग. सकाळी उठल्याउठल्या, चूल पेटायच्या आधी, स्वयंपाकघरात जा. रात्रभर शेजारी शेजारी पडून असलेलं स्टीलचं ताट आणि लाकडी पोळपाट, दोन्हींना हात लाव. ताट गार, पोळपाट तितका गार नाही! हो ना?

पण नियमाने विचार कर. रात्रभरात ताटाचा खोलीतल्या हवेशी समतोल झाला. पोळपाटाचाही त्याच हवेशी झाला. म्हणजे दोघांचं तापमान एकच! फसवलं ते तुझ्या हाताने. हात दोघांपेक्षा गरम असतो. स्टील त्याची उष्णता भराभर खेचून नेतं, लाकूड हळूहळू. हाताला कळला तो हा वेग, तापमान नाही!

थर्मामीटरची पण एक अडचण आहे हं. समज, त्याचं टोक तापवायला 2 ग्रॅम पाण्याइतकी उष्णता लागते आणि ते आत्ता 25 अंशांवर आहे. ते 60 अंशांच्या 2 ग्रॅम पाण्यात बुडवलं तर? दोघं सारख्याच वजनाचे गडी! समतोल होणार बरोब्बर मध्ये, 42.5 वर. मोजायला गेलो आणि पाणीच निववून बसलो! तेच टोक 60 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात बुडव. आकडा येईल सुमारे 59.3. म्हणून थर्मामीटरचं टोक मोजायच्या वस्तूपुढे अगदी चिमुकलं हवं.

तुझ्या अंगापुढे ते असतंच चिमुकलं! त्याने घेतलेली उष्णता तुला जाणवतसुद्धा नाही.

तेव्हा पुढच्या तापात पीप पीप ऐकू आलं की आईला विचार, "आई, हा आकडा कुणाचा?" ती म्हणेल, "तुझाच की!" मग तू हळूच सांग, "आधी त्याचा. पण आता आमच्या दोघांचा!"