मामाची कॉफी आणि कन्हानचा उन्हाळा

मागच्या मार्चमधली गोष्ट. कन्हान नदीच्या पलीकडे मामाची अडीच एकर धानाची जमीन आहे. एक रोपवाला शेतावर येऊन गेला. "चिखलदऱ्यात कॉफी होते, तं इथं काहून नाही होणार? पाऊस तं आपल्याकडंही पडते," असं सांगून त्यानं मामाला पार पटवलं. एका एकराच्या रोपांचे पैसे द्यायची तयारी झाली होती. मी भूगोल घेऊन बीए केलेलं, म्हणून मामानं विचारलं, "भाचा, खरं सांग, होईल का?"

रोपवाल्याचं अर्धं वाक्य खरं होतं. अमरावती जिल्ह्यात, गाविलगडच्या डोंगरावर चिखलदऱ्यात इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. विदर्भात पाऊस पडतो, हेही खरं. पण चहा, कॉफी आणि रबर या तिन्ही मळ्याच्या पिकांना पाऊस किती पडतो यापेक्षा तो कोणत्या महिन्यात पडतो, हे जास्त महत्त्वाचं असतं. नागपूर भागात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे. तिन्ही पिकांची परीक्षा याच आठ महिन्यांत होते.

रबर: पाऊस भरपूर, तरी रडकथा

आधी रबराचं घेऊ, कारण त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पालघर जिल्ह्यातल्या दापचरीला रबर मंडळाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथं पाऊस नागपूरच्या दुपटीहून जास्त पडतो, उष्णताही रबराला चालेल अशी. पण पावसाळा संपला की मे अखेरपर्यंत जमीन कोरडी. पावसाच्या भरवशावर वाढलेल्या झाडांचा बुंधा चीक काढण्याइतका जाड व्हायला दहा वर्षांच्या आसपास लागली. ज्यांना कोरड्या महिन्यांत पाणी दिलं, ती साधारण सहा वर्षांत तयार झाली. म्हणजे शेतकऱ्यानं उत्पन्नाशिवाय चार वर्षं जास्त काढायची.

रबराचा चीक पहाटे काढतात, त्यालाही कारण आहे. रात्री झाड पाणी ओढून फुगलेलं असतं. सालीवर तिरकी चीर दिली की आतल्या दाबानं चीक बाहेर येतो. ऊन चढलं, पानांतून पाणी उडायला लागलं, की दाब उतरतो आणि धार लवकर थांबते. एप्रिल-मेमध्ये कन्हानला पहाटही कोरडीच असते. म्हणून रबर केरळात आणि आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे दिसतं. तिथं हवा दमट असते आणि कोरडे महिने कमी.

चहा: दर आठवड्याला नवं पान

चहाचं फळ नाही, कोवळं पान विकलं जातं. दोन पानं आणि एक कळी साधारण दर आठवड्याला खुडायची. त्यासाठी झुडपाला सतत ओल हवी. ओल तुटली की शेंड्याची कळी झोपी जाते. मळेवाले अशा फुटव्याला 'बांझी' म्हणतात. त्याची पानं जून होतात आणि चांगला चहा होत नाही.

चहाला डोंगरच लागतो, असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण आसामचे मळे बव्हंशी सखल मैदानात आहेत, कन्हानपेक्षाही खाली. तिथं मार्च-एप्रिलपासूनच पावसाच्या सरी सुरू होतात, म्हणून ते जमतं. मुळाशी पाणी साचू नये म्हणून मैदानात चर खोदावे लागतात. उतारावर ते काम जमीनच करते. शिवाय चहाला आम्लधर्मी माती हवी, सामू साडेचार ते साडेपाचच्या आसपास. आपली काळी माती बहुधा त्याच्या उलट, सातच्या वर. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याचं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते काटोल-नरखेडच्या बागायतदारांना चांगलं ठाऊक आहे. चहाची गत त्याहून वाईट होईल.

कॉफीला ताण हवा, पण किती?

तिघांपैकी कॉफी विदर्भाच्या सर्वांत जवळ आहे. कारण तिला कोरडा काळ नुसता चालत नाही, तो लागतोच. संत्र्याला आंबिया बहारासाठी आपण ताण देतो आणि मग पाणी सोडतो, अगदी तसंच. पावसाळा संपल्यावर कॉफीच्या फांदीवर कळ्या धरतात आणि थांबून राहतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान २० ते ४० मिलिमीटरची एक सर आली की आठ-दहा दिवसांत मळा पांढराशुभ्र होतो. सर अपुरी पडली तर कळ्या अर्धवट उमलून सुकतात. फुलल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत दुसरी सर हवी, नाहीतर धरलेली फळं गळतात.

इथं मामानं बरोबर मुद्दा काढला, "बोअर आहे न आपली. स्प्रिंकलरनं सर पाडू." दक्षिणेतले कितीतरी मळेवाले तसं करतातही. पाण्यानं फूल येईल. पण त्यानंतर येणारा मे कसा थोपवणार? अरेबिका कॉफीला १५ ते २५ अंशांची हवा मानवते. कन्हानला मे महिन्यात दुपारचा पारा ४३च्या पुढे जातो आणि वर गरम वारा. रोबस्टा जातीला ३० अंशांपर्यंत चालतं, पण तिची मुळं उथळ असल्यानं कोरडेपणा तिला आणखी सोसत नाही.

मग चिखलदऱ्यात कशी होते? तो साधारण ११०० मीटरवर, कन्हान तीनशेच्या आत. दर हजार मीटरला तापमान सहा अंशांच्या आसपास उतरतं, म्हणजे या दोन ठिकाणांत जवळजवळ पाच अंशांचा फरक. वर पाऊसही जास्त, आणि उतारामुळे मुळाशी पाणी थांबत नाही. तरीही तिथं कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीतच राहते. सावली विरळ झाली की अरेबिकाला खोडकिडा गाठतो. अळी खोडात शिरते, सालीवर वळ उमटतात, पानं पिवळी पडतात आणि झाड उभ्यानं वाळतं. म्हणजे चिखलदऱ्याच्या उंचीवरही कॉफी कडेलोटाच्या जवळच उभी आहे. त्यातले पाच अंश काढून घ्या, सावलीची झाडं काढा, मग उरतं ते मामाचं उघडं धानाचं शेत.

ते शेत पावसाळ्यात बांध घालून पाण्यानं भरायचं असतं. कॉफीच्या मुळांना नेमकं तेच मारक. धानासाठी जमिनीचा जो गुण, तोच इथं दोष.

पैसे देण्याआधी

मामाला मी तीन प्रश्न लिहून दिले आणि रोपवाल्याला विचारायला सांगितले. इथल्या मातीचा सामू तपासलाय का? मेच्या दुपारी चाळीसच्या वर पारा असताना तुमची रोपं कुठल्या शेतात जगली, ते दाखवाल का? सावलीची झाडं वाढेपर्यंतची वर्षं कशी काढायची?

माणूस फोनवर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येतो." जून आला, आला नाही. मामानं त्या एकरात नेहमीसारखं धानच लावलं. बांधावर मात्र हौस म्हणून कॉफीचं एकच रोप आहे, आंब्याच्या सावलीत, माठाच्या पाण्यावर. यंदाच्या मेमध्ये त्याच्या पानांच्या कडा करपल्या, पण रोप जगलं. फूल अजून एकही आलेलं नाही.