इकॉनॉमायझरच्या नळ्या किती उष्णता घेतात?

ऊस गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याचा बॉयलर बगॅसवर चालतो. भट्टीतून निघालेला तप्त वायू वाफ तयार करतो, पण त्यातली सगळी उष्णता तिथे संपत नाही. बॉयलरमधून बाहेर पडताना तो ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकतो. त्याला तसाच चिमणीतून सोडणं म्हणजे जळण वाया घालवणं. म्हणून त्याच्या वाटेत नळ्यांचा एक मोठा संच ठेवतात. नळ्यांच्या आतून बॉयलरला जाणारं पाणी वाहतं आणि बाहेरून, नळ्यांना आडवा, वायू जातो. हाच इकॉनॉमायझर.

तो बांधायचा तर पहिला प्रश्न असा, की नळ्या किती लावायच्या? कमी लावल्या तर वायू गरमच बाहेर जाईल. जास्त लावल्या तर पोलादाचा खर्च वाढेल आणि वायू ओढणाऱ्या आयडी फॅनवरही भार येईल. उत्तर एका आकड्यावर अवलंबून असतं. वायू आणि नळी यांच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना नळीच्या एक चौरस मीटर पृष्ठभागावरून दर सेकंदाला किती उष्णता जाते, हे तो आकडा सांगतो. त्याला उष्णता-संक्रमण गुणांक म्हणतात आणि सूत्रांत तो h या अक्षराने लिहितात. नळीच्या आतल्या पाण्याच्या बाजूला हा गुणांक हजारांत असतो, वायूच्या बाजूला शंभराच्या आत-बाहेर. त्यामुळे सगळी अडवणूक वायूच्याच बाजूला होते, नळीचं तापमान पाण्याच्या तापमानाजवळ राहतं आणि हिशेब मुख्यतः वायूचा करावा लागतो.

आता वायू नळ्यांमधून जातो कसा ते पाहू. पहिल्या ओळीतल्या नळीवर तो समोरून आदळतो, दोन्ही बाजूंनी वळसा घेतो आणि नळीच्या पाठीमागे पृष्ठभाग सोडून भोवऱ्यांत मोडतो. हा घुसळलेला वायू दुसऱ्या ओळीवर येतो. घुसळण असली की नळीला चिकटलेला संथ थर पातळ होतो आणि उष्णता जास्त जाते. म्हणून दुसरी ओळ पहिलीपेक्षा चांगलं काम करते, तिसरी आणखी थोडं चांगलं. चार-पाच ओळींनंतर मात्र घुसळण स्थिरावते आणि पुढच्या सगळ्या ओळी जवळपास सारख्याच वागतात. प्रत्येक नळीचा गुणांक वेगळा, एकाच नळीच्या समोर आणि पाठीमागेही वेगळा. असं असल्यामुळे अभियंता सबंध संचाचा सरासरी गुणांक काढतो. ओळी वीस किंवा अधिक असतील तर सूत्रातला आकडा तसाच वापरायचा. पाचच ओळी असतील तर त्याला ०.९२ ने गुणायचं, आणि एकच ओळ असेल तर सरळ मांडणीत ०.७० ने.

हे सूत्र कागदावरच्या गणितातून निघालेलं नाही. भोवऱ्यांचं गणित नेमकेपणाने सोडवणं फार अवघड, म्हणून लोकांनी प्रयोग केले आणि मोजमापांतून नियम बसवले. अमेरिकेत ई. डी. ग्रिमिसन यांनी १९३७ साली अशा मोजमापांची मांडणी प्रसिद्ध केली. पुढे लिथुआनियातले संशोधक अलगिर्दास झुकाउस्कस यांनी हवा, पाणी, तेल अशा वेगवेगळ्या प्रवाही पदार्थांवरची माहिती एकत्र करून १९७२ साली जी सूत्रं दिली, ती आज बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहेत. नळ्या एकामागे एक सरळ लावल्या असतील तर आपल्या उपयोगाच्या टप्प्यातलं त्यांचं सूत्र असं:

```
Nu = 0.27 × Re^0.63 × Pr^0.36
```

Re म्हणजे रेनॉल्ड्स संख्या. वेग गुणिले नळीचा बाहेरचा व्यास, भागिले वायूची श्यानता, असा तिचा हिशेब. प्रवाह किती जोरकस आणि किती घुसळलेला आहे हे तिच्यावरून कळतं. Pr ही वायूची स्वतःची संख्या, हवेसाठी सुमारे ०.६८. Nu म्हणजे नुसेल्ट संख्या. तिला वायूच्या उष्णतावाहकतेने गुणून व्यासाने भागलं की h मिळतो. मूळ सूत्रात नळीच्या पृष्ठभागाच्या तापमानासाठी आणखी एक दुरुस्ती आहे, पण वायूंच्या बाबतीत ती एकाच्या इतकी जवळ असते की सोडून दिली तरी चालते. तेलाच्या बाबतीत मात्र तसं करू नये.

एक उदाहरण पूर्ण करू. नळीचा बाहेरचा व्यास ५१ मिलिमीटर. शेजारच्या दोन नळ्यांच्या मध्यांतलं अंतर १०० मिलिमीटर, मागच्या-पुढच्या ओळींतलंही तेवढंच. ओळी वीस. नळ्यांच्या संचापर्यंत येणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला ५ मीटर. वायू ३०० अंशांवर आत येतो आणि नळीचं तापमान सरासरी १३० अंश धरू. वायूचे गुणधर्म सरासरी तापमानाला घ्यायचे असतात. ते सुरुवातीला माहीत नसतं, म्हणून अंदाजाने २५० अंश धरू आणि वायूला तूर्त हवाच समजू.

इथे नवखे लोक हमखास घसरतात. सूत्रातला वेग हा संचापर्यंत येणाऱ्या वायूचा वेग नव्हे. पुलाच्या खांबांमधून नदीचं पाणी जसं ओढ घेतं, तसा दोन नळ्यांच्या मधल्या फटीत वायूचा वेग वाढतो आणि सूत्राला तो फटीतला, सर्वांत जास्त वेग हवा असतो. आपल्याकडे १०० मिलिमीटरच्या वाटेपैकी ५१ नळीने अडवले, उरले ४९. म्हणजे वेग ५ गुणिले १०० भागिले ४९, सुमारे १०.२ मीटर. त्यावरून रेनॉल्ड्स संख्या सुमारे १२,४०० येते, नुसेल्ट संख्या ८९ आणि h सुमारे ७४ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. चुकून ५ मीटर हाच वेग धरला असता तर उत्तर ४७ आलं असतं आणि कारखान्याने गरजेच्या दीडपटीहून जास्त नळ्या विकत घेतल्या असत्या.

पुढची पायरी उष्णतेची. वायू ओळीगणिक थंड होत जातो, म्हणजे त्याच्या आणि नळीच्या तापमानातला फरकही घटत जातो. सुरुवातीचा १७० अंशांचा फरक सगळ्या वीस ओळींना लावला तर उष्णता जवळपास ३८ टक्के जास्त दिसते. फरक घातांकी पद्धतीने कमी होतो असं धरून हिशेब केला की आपल्या संचात तो १७० वरून साधारण ८६ वर येतो, म्हणजे वायू सुमारे २१६ अंशांवर बाहेर पडतो. आत ३००, बाहेर २१६, मध्य २५८. आपण २५० धरलं होतं, तेव्हा अंदाज पुरेसा जवळ आहे. फार लांब असता तर नव्या तापमानाचे गुणधर्म घेऊन पुन्हा एकदा सगळं करावं लागलं असतं.

यावर एक नेहमीचा प्रश्न येतो. नळ्या सरळ रांगेत लावण्याऐवजी मागची नळी पुढच्या दोन नळ्यांच्या मधोमध येईल अशा एकाआड एक का लावू नयेत? तशी मांडणी जास्त उष्णता देते असं पुष्कळदा सांगितलं जातं. आपल्याच अंतरांवर, आपल्याच वेगाला झुकाउस्कस यांचं त्या मांडणीचं सूत्र लावून पाहिलं तर नुसेल्ट संख्या ८७ येते, म्हणजे सरळ मांडणीपेक्षा किंचित कमीच. वेग बराच कमी असता किंवा ओळी एकमेकींच्या जवळ आणल्या असत्या तर एकाआड एक मांडणी पुढे गेली असती. इथे तिचा फायदा नाही, तोटा मात्र ठरलेला आहे. बगॅसच्या राखेत उसाबरोबर आलेली बारीक वाळू असते. सरळ मांडणीत नळ्यांमध्ये मोकळ्या गल्ल्या राहतात, सूट ब्लोअरची वाफ त्यांतून आतपर्यंत पोचते आणि राख झडते. एकाआड एक नळ्यांत ती अडकून बसते. अशा जळणासाठी सरळ मांडणीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेग वाढवून गुणांक वाढवता येतो, पण तो सौदा महाग पडतो. तेवढाच वायू निम्म्या वाटेतून नेऊन वेग दुप्पट केला तर h दीडपटीपेक्षा थोडा जास्त होतो. नळ्यांमधून जाताना होणारी दाबाची घट मात्र जवळपास चौपट होते, आणि ती भरून काढायला आयडी फॅनला वीज लागते. शिवाय वाळूने नळ्या झिजतात, आणि वेग थोडा वाढला तरी झीज पुष्कळ वाढते.

आता या ७४ वर भरवसा किती ठेवायचा? अशा सूत्रांत वीस-पंचवीस टक्क्यांची चूक गृहीतच असते. म्हणून कुणी संगणकातून ७४.३१ असं उत्तर काढून दाखवलं तर त्यातल्या दशांशांना अर्थ नाही, आणि ८७ व ८९ यांतला फरकही तसा बोलण्यापुरताच. त्यात आपण वायूला हवा मानलं. ओल्या बगॅसमध्ये साधारण निम्मं पाणीच असतं, त्यामुळे खऱ्या वायूत वाफ भरपूर असते. त्याची उष्णता धरण्याची क्षमता हवेपेक्षा जास्त, म्हणून तो आपल्या हिशेबापेक्षा थोडा कमी थंड होईल. पक्क्या आराखड्यात वायूचं खरं मिश्रण घ्यावंच लागतं.

आणि हे सगळं स्वच्छ नळीचं. नळीवर मिलिमीटरभर राख बसली आणि तिची उष्णतावाहकता ०.२ धरली, तर एकूण गुणांक ७४ वरून ५४ वर येतो आणि वायू २१६ ऐवजी सुमारे २३४ अंशांवर बाहेर पडतो. पण बाहेरचं तापमान वाढलं म्हणजे राखच बसली असं नाही. तापमानाबरोबर संचाच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरकही वाढत असेल तर वाट राखेने अरुंद झाली आहे. तापमान वाढलं आणि दाबाचा फरक तेवढाच राहिला किंवा कमी झाला, तर बराचसा वायू नळ्यांना टाळून संच आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून जात असावा. तिथल्या अडवणाऱ्या पट्ट्या जळाल्या किंवा सुटल्या आहेत का ते पाहावं. सूट ब्लोअर कितीही चालवला तरी हा दोष जात नाही.

या दोन खुणा वाचायच्या तर तुलनेला आधार हवा. म्हणून हंगामाच्या पहिल्या आठवड्यात, नळ्या स्वच्छ असताना आणि बॉयलर नेहमीच्या भारावर असताना, वायूचं आत येतानाचं आणि बाहेर जातानाचं तापमान आणि संचावरचा दाबाचा फरक लिहून ठेवावा, आणि पुढच्या नोंदी त्याच भारावर घ्याव्यात.