मृत्यूच्या एक क्षण आधीची वाटणी

पॅनकार्डावरच्या दहा अक्षरांमधलं चौथं अक्षर तुम्ही कधी निरखून पाहिलंय? कार्ड माणसाचं असेल तर तिथे 'पी' असतो. हिंदू अविभक्त कुटुंबाचं असेल तर 'एच'. घरातला कर्ता माणूस गेला की 'पी'वालं कार्ड संपतं. वारसांनी त्याचं शेवटचं विवरणपत्र भरलं की त्याचं काम झालं. 'एच'वालं कार्ड मात्र चालूच राहतं. तेराव्यानंतर नवा कर्ता पुढे येतो, आयकर खात्यात त्याच्या नावाची नोंद करून घ्यावी लागते, आणि तोच नंबर, तेच कुटुंब पुढचा कर भरू लागतं.

पण मग कर्त्याचा स्वतःचा हिस्सा कुठे जातो? इथे कायदा एक अजब गोष्ट करतो. तो न झालेली वाटणी कल्पून घेतो, तीही मृत्यूच्या एक क्षण आधी झालेली.

ही कल्पना कशी चालते ते सांगलीच्या एका दाव्यात दिसतं. 27 जून 1960 रोजी खंडाप्पा मगदूम वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या कोर्टात आपला हिस्सा मागितला : चोवीसमधले सात भाग. हा चमत्कारिक आकडा आला कुठून? खंडाप्पा जिवंत असताना वाटणी झाली असती तर तेव्हाच्या कायद्याप्रमाणे वाटेकरी चार होते : ते स्वतः, पत्नी आणि दोन मुलगे. प्रत्येकाला पाव. मग खंडाप्पांचा पाव भाग सहा वारसांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकाला चोवीसावा. हिराबाईंचा पाव म्हणजे चोवीसमधले सहा, अधिक हा एक, एकूण सात. खालच्या कोर्टाने त्यांना नुसता तो एक चोवीसावा दिला होता, कारण खरी वाटणी तर झालेलीच नव्हती. उच्च न्यायालयाने सात दिले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी तेच कायम केलं. वाटणी झाली असं एकदा मानलं की तिचे सगळे परिणामही मानायचे. अर्ध्यावर थांबायचं नाही.

आता हीच कल्पना भोपाळला नेऊ. समजा, गोविंदपुऱ्यात भेलच्या आसपास एका मराठी कुटुंबाचं दुकान आहे, आजोबांच्या एकत्र मिळकतीतून आलेलं. दुकान भाड्याने दिलंय, महिना 60 हजार, वर्षाला 7 लाख 20 हजार. घरभाड्याच्या उत्पन्नातून कायदा सरसकट 30 टक्के वजा करू देतो. उरतात 5 लाख 4 हजार. हे उत्पन्न कुटुंबाच्या 'एच'वाल्या विवरणपत्रात जातं. 2025-26 साठी नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंत कर नाही. वरच्या 1 लाख 4 हजारांवर 5 टक्के म्हणजे 5,200, आणि उपकर धरून 5,408 रुपये. (12 लाखांपर्यंत कर माफ, असं आपण ऐकतो ती सूट फक्त व्यक्तीला मिळते, कुटुंबाला नाही. यात पुष्कळ जण फसतात.)

वडील गेले. मृत्युपत्र नाही, मागे आई, एक मुलगा, एक मुलगी, दोघंही अविवाहित. आजीही हयात नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मतः वाटेकरी, म्हणून कल्पित वाटणीत चौघांना पाव-पाव. वडिलांचा पाव तिघांत गेला, प्रत्येकी बारावा हिस्सा. भाड्याच्या भाषेत सांगायचं तर 1 लाख 26 हजार कुटुंबातून सुटले आणि आई, मुलगा, मुलगी यांच्या वैयक्तिक विवरणपत्रांत 42-42 हजार होऊन बसले. कुटुंबाकडे राहिले 3 लाख 78 हजार, 4 लाखांच्या आत. दुकान तेच, भाडेकरू तोच, वीट हलली नाही, आणि कुटुंबाचा कर शून्यावर आला! मृत्यूच्या वर्षात मात्र त्या तारखेपर्यंतचं सगळं भाडं कुटुंबाचंच धरायचं, विभागणी त्यानंतरची.

मुलाचे 42 हजार त्याचे वैयक्तिकच का, उद्या त्याचं लग्न होऊन मुलं झाली तर त्यांच्या कुटुंबाचे का नाहीत? जुन्या मिताक्षरा समजुतीप्रमाणे बापाकडून आलेलं धन नातवाचंही असायचं. 1956 च्या वारसा कायद्याने ते बदललं का, यावर उच्च न्यायालयांत दोन तट पडले होते. गुजरात एका बाजूला. मध्य प्रदेश, अलाहाबाद, मद्रास दुसऱ्या. 1986 मध्ये चंदर सेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल लावला. प्रश्न होता वडिलांच्या नावे पेढीत जमा असलेल्या 1,85,043 रुपयांचा. खात्याचं म्हणणं, ही रक्कम मुलाच्या कुटुंबाची. न्यायालय म्हणालं, मुलाची एकट्याची.

इथे एक सापळा आहे. भावनेच्या भरात मुलगा म्हणतो, हिस्से कशाला, माझा बारावा भागही कुटुंबाच्या खात्यातच राहू दे. तसं त्याने रीतसर आपलं धन कुटुंबात मिसळलं तर त्यावरचं उत्पन्न कायदा परत त्याच्याच माथी मारतो. 1969 च्या अखेरीनंतर हा मार्ग बंद झाला.

नवा कर्ता कोण, हाही प्रश्न साधा नाही. बहुतेक घरांत सूत्रं आईच्या हाती जातात. नागपूर उच्च न्यायालयाने एकेकाळी विधवा आईला कर्ता मानलं होतं. गोविंदराम शुगर मिल्सच्या 1965 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं : कर्ता जन्मतः वाटेकरीच असावा, आणि आई तशी नसते. अज्ञान मुलांची पालक म्हणून ती कारभार बघू शकते, एवढंच. मुलगी मात्र 2005 नंतर कर्ता होऊ शकते. आईला मागे ठेवणारा हा नियम मला तरी आज पटत नाही.

सगळ्यात मोठी गंमत शेवटी येते. मृत्यूच्या क्षणी वारसा कायद्याने कल्पिलेली वाटणी आयकर खात्याच्या लेखी वाटणीच नाही. एकदा अविभक्त म्हणून कर भरलेलं कुटुंब खात्याच्या नजरेत अविभक्तच राहतं. ते बदलायचं तर मिळकती प्रत्यक्ष हद्दी आखून वाटाव्या लागतात आणि अधिकाऱ्याकडे अर्ज करून तसा आदेश मिळवावा लागतो. स्टॅम्पपेपरवरचा करारनामा पुरत नाही. दुकान वाटून घर एकत्र ठेवू, अशी अर्धवट वाटणी 31 डिसेंबर 1978 नंतर झाली असेल तर खातं ती मानतच नाही. त्यामुळे आपलं कुटुंब वारसा कायद्याला विभागलेलं आणि आयकराला एकत्र, असं एकाच वेळी दोन्ही असू शकतं.

वाद होतो तो याच फटीत. अधिकारी विचारतो, वाटणी नाही तर पाव भाग बाहेर काढला कशाच्या आधारे? उत्तर कागदावर असावं लागतं. म्हणून माणूस गेला त्या तारखेचा कुटुंबाचा ताळेबंद करा, वारसांचे भाग त्यावर लिहा, आणि त्या दिवसानंतरचं प्रत्येकाच्या वाट्याचं भाडं त्याच्या त्याच्या बँक खात्यात वळवा. हे त्याच महिन्यात उरका. तीन वर्षांनी नोटीस आल्यावर त्या दिवशी बँकेत किती शिल्लक होती ते कुणालाच आठवत नाही.