‘अदिन्नादाना’ कुठे तोडायचं?

लग्न असो, घरभरणी असो की कुणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, बौद्ध घरात सुरुवात ठरलेलीच असते. समोर भंते असले तर त्यांना ‘तिसरणेन सद्धिं पञ्चसीलं’ मागायचं, नाहीतर बौद्धाचार्य पुढे म्हणतात आणि बाकीचे मागून. लहानपणापासून कानावर पडल्यामुळे ही वंदना तोंडपाठ असते. पण ‘सुरामेरय’मधलं मेरय म्हणजे काय, असं विचारलं की भलेभले एकमेकांकडे पाहतात. शब्द पाली, लिपी देवनागरी आणि जीभ मराठी, अशी ही तिहेरी गाठ आहे. ती सोडवायला फारशा व्याकरणाची गरज नाही.

आधी पालीविषयी दोन गोष्टी. पालीत ‘श’ आणि ‘ष’ नाहीत, फक्त ‘स’ आहे. म्हणून ‘सरणं’, ‘सील’, ‘सिक्खा’. मराठीत शरण आणि शील हे शब्द रोजचे असल्याने जीभ आपोआप ‘शरणं गच्छामि’ म्हणून जाते. अर्थ बिघडत नाही, पण पाली म्हणायची तर ‘सरणं’च म्हणावं. दुसरी गोष्ट शेवटच्या अनुस्वाराची. श्रीलंकेचे भिक्खू ‘बुद्धं’ म्हणतात तेव्हा शेवटी ओठ मिटत नाहीत. आपल्या ‘गंगा’मधल्या अनुस्वारासारखा आवाज घशाकडून येतो. आपल्याकडे बहुतेक जण ओठ मिटून ‘बुद्धम्’ म्हणतात. विनयाच्या जुन्या अट्ठकथेत दोन्ही पद्धती मान्य आहेत, फक्त एक धरली की ती शेवटपर्यंत ठेवावी.

सुरुवातीचं ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स’ म्हणजे त्या भगवंतांना, अर्हतांना, सम्यक संबुद्धांना नमस्कार. इथे जोडाक्षरांवर घाई होते. ‘तस्स’मध्ये ‘स’ दोनदा ऐकू आला पाहिजे आणि ‘सम्मा’चं ‘समा’ होता कामा नये. सम्मा म्हणजे यथार्थपणे, सं म्हणजे स्वतः आणि बुद्ध म्हणजे ज्याला बोध झाला तो.

मग तीन सरणं. ‘बुद्धं सरणं गच्छामि’चा सरळ अर्थ ‘मी बुद्धांकडे आश्रय म्हणून जातो’. धम्म आणि संघ यांच्याबाबतही तसंच. हेच पुढे ‘दुतियम्पि’ म्हणजे दुसऱ्यांदाही आणि ‘ततियम्पि’ म्हणजे तिसऱ्यांदाही म्हणतात. तिन्ही सरणं एकदम आली नाहीत, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. बोधी मिळाल्यावर बुद्धांना पहिल्यांदा शरण गेले ते तपुस्स आणि भल्लिक हे दोन व्यापारी. त्या वेळी संघच नव्हता, म्हणून त्यांनी बुद्ध आणि धम्म अशी दोनच सरणं घेतली. सारनाथला पहिले भिक्खू झाले, संघ उभा राहिला आणि मग यसाच्या वडिलांनी तिन्ही सरणं घेतली. विनयपिटकातील महावग्गात हा क्रम नोंदलेला आहे. त्रिशरण घेणारा पहिला उपासक एक मुलगा हरवलेला बाप होता. यस घर सोडून निघून गेला होता आणि त्याच्या पावलांचा माग काढत ते बुद्धांपर्यंत पोहोचले होते.

पंचशीलाच्या पाचही ओळींची शेपटी एकच आहे: ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’. वेरमणी म्हणजे दूर राहणं, थांबणं. आपल्या ‘विराम’मधला रम् धातू हाच. जुन्या अट्ठकथाकारांनी ‘वेर’ म्हणजे वैर चिरडते ती वेरमणी, अशीही फोड केली आहे. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही, पण आशय सांगून जाते. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. समादियामि म्हणजे मी स्वतःवर घेतो. ओळीत ‘करू नकोस’ असा हुकूम कुठेच नाही. बोलणारा स्वतःच कर्ता आहे. भंते फक्त पुढे म्हणतात. चालीच्या ओघात शेवटचा ‘मि’ दीर्घ होतो, तो ऱ्हस्वच ठेवावा.

आता ओळींची पुढची टोकं. ‘पाणातिपाता’ची फोड पाण अधिक अतिपात. पाण म्हणजे प्राणी, जीव. अतिपात म्हणजे त्याला मारून पाडणं. शेवटचा ‘ता’ पंचमीचा, म्हणजे ‘हत्येपासून’. पाचही शब्दांच्या शेवटी हाच ‘आ’ आहे, म्हणून तो स्पष्ट म्हटला पाहिजे.

दुसऱ्या ओळीत सर्वात मोठा घोटाळा होतो. शब्द आहे अदिन्न अधिक आदान. अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. न दिलेलं घेण्यापासून मी दूर राहतो. पण बरेच जण ‘अदिन्ना’पाशी श्वास घेतात आणि मग ‘दाना’ म्हणतात. झालं! घेण्याचं दान झालं आणि ओळ उलटी झाली. ‘न दिलेलं’ हा शब्द ‘चोरी’पेक्षा मोठाही आहे. कार्यालयातून घरी आणलेली कागदाची रीम चोरी वाटत नाही, पण ती कुणी दिलेली नसते.

‘कामेसु मिच्छाचारा’मध्ये कामेसु म्हणजे कामसुखांच्या बाबतीत, मिच्छाचार म्हणजे चुकीचं वागणं. इथे मराठी ‘च’चा प्रश्न येतो. आपल्याकडे ‘च’ दोन, एक ‘आचार’मधला आणि एक गुरांच्या ‘चाऱ्या’तला. इथे आचारातला हवा. ‘मज्ज’मधला ‘ज’ही ‘जन्म’मधला, ‘जागा’मधला नव्हे. पौर्णिमेला अष्टशील घेणारे ही ओळ बदलून ‘अब्रह्मचरिया’ म्हणतात, म्हणजे त्या दिवशी पूर्ण ब्रह्मचर्य. ‘मुसावादा’ सोपं आहे. मुसा म्हणजे खोटं, वाद म्हणजे बोलणं.

पाचवी ओळ सगळ्यात लांब आणि सगळ्यात नेमकी आहे: सुरा-मेरय-मज्ज-पमाद-ट्ठाना. विनयपिटकात यांतल्या पहिल्या दोघांची यादीच दिली आहे. सुरा ही पिठाची, भाताची, किण्व घालून केलेली. मेरय हे आसव, म्हणजे फुलांचं, फळांचं, मधाचं आणि गुळाचं. मोहाची आणि गुळाची दारू ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही यादी परकी वाटणार नाही. पालीतही ‘गुळ’मध्ये आपलाच ‘ळ’ आहे. मज्ज म्हणजे मादक, पमाद म्हणजे बेसावधपणा, ठान म्हणजे त्याचं ठिकाण, कारण. मात्र ‘बेसावध होईपर्यंत प्यायलं तरच शील मोडतं’ अशी पळवाट काही जण काढतात, ती मला पटत नाही. दारू हेच बेसावधपणाचं ठिकाण आहे, असं ओळ सांगते. किती घोटांनंतर ते ती सांगत नाही. म्हणताना ‘मेरय’चं ‘मेरय्’ करू नये आणि ‘ट्ठ’वर क्षणभर थांबावं.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि माईसाहेबांना हेच शब्द पालीत दिले. मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखोंना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. दारू पिणार नाही, चोरी करणार नाही, ही वचनं त्या प्रतिज्ञांतही मराठीत आहेत. त्याच वर्षी त्यांनी तयार केलेलं ‘बौद्ध पूजा पाठ’ प्रसिद्ध झालं, आणि पालीचं व्याकरण व शब्दकोशही त्यांनी तयार केले होते.

श्रामणेर होताना सरणं देणारा आणि घेणारा दोघांचेही उच्चार शुद्ध असावे लागतात, नाहीतर ती प्रव्रज्या ग्राह्य धरत नाहीत. उपासकाला अशी अट नाही. तरी तुमच्या विहारातल्या पुस्तिकेत ‘अदिन्ना दाना’ असं तोडून छापलेलं असेल, तर पेनाने ते जोडून घ्या.