फाटक बंद असलं पाहिजे

रात्रीचे सव्वादहा. वसतिगृहात राहणाऱ्या दोन मुली उशिरा आलेल्या गाडीतून उतरतात. एक घड्याळाकडे बघून म्हणते, "आता फाटक बंद असलं पाहिजे." त्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी नव्या रखवालदाराला बजावलेलं असतं, "दहानंतर फाटक बंद असलं पाहिजे." मुलगी अंदाज बांधते आहे, अधीक्षक नियम सांगताहेत. मग 'पाहिजे' हे एकच क्रियापद दोन्हीकडे कसं चालतं?

शब्दकोशात त्याचे दोन अर्थ लिहून मोकळं होता येईल. पण इंग्रजीतलं 'मस्ट' आणि जर्मनमधलं 'म्युसेन'ही असंच दुहेरी काम करतात. इतक्या भाषांत तोच योगायोग घडेल, हे पटण्यासारखं नाही. जर्मन भाषाशास्त्रज्ञ अँजेलिका क्रात्झर यांनी 1977 च्या एका लेखात वेगळं उत्तर मांडलं. शब्दाचा अर्थ एकच असतो आणि तो अपुरा असतो. 'कशाच्या आधारे?' या प्रश्नाचं उत्तर संदर्भातून मिळालं की तो पुरा होतो. मुलीचा आधार तिला असलेली माहिती, अधीक्षकांचा आधार वसतिगृहाचे नियम. पहिला अर्थ ज्ञानपर, दुसरा कर्तव्यपर.

हा आधार मोजायचा कसा, हे 'शक्य जगां'च्या कल्पनेनं समजतं. शक्य जग म्हणजे गोष्टी ज्या ज्या तऱ्हेनं असू शकतील, त्यातली एक संपूर्ण तऱ्हा. मुलीच्या हिशेबी फाटक रोज दहाला लागतं, रखवालदार वेळेचा पक्का आहे आणि आता सव्वादहा वाजलेत. याच्याशी जुळणारी जगं अनेक आहेत. एकात रखवालदार चहा पितो आहे, दुसऱ्यात डुलकी काढतो आहे, तिसऱ्यात वसतिगृहापाशी पाऊस पडतो आहे. यातलं खरं कुठलं, तिला ठाऊक नाही. पण त्या प्रत्येक जगात फाटक बंद आहे, म्हणून ती 'पाहिजे' म्हणते. एखाद्या तरी जगात ते उघडं निघालं असतं, तर ती "उघडं असू शकतं" म्हणाली असती. 'पाहिजे'ला सगळी जगं लागतात, 'शकतं'ला एक पुरतं. अधीक्षकांचं 'पाहिजे'ही सगळ्या जगांबद्दलच बोलतं, फक्त त्यांची जगं नियम पाळले जाणारी आहेत.

आता मुली पोचतात आणि फाटक सताड उघडं! जुना पक्का रखवालदार त्याच दिवशी काम सोडून गेलाय, हे त्यांना माहीत नव्हतं. मुलीचं वाक्य चुकलं. तिला "माझा अंदाज चुकला" म्हणावंच लागेल. अधीक्षकांचं वाक्य मात्र तसंच उभं आहे. नियम मोडला गेला, खोटा ठरला नाही. याचं कारण जगांच्या निवडीतच आहे. ज्ञान खरं असेल, तर त्याच्याशी जुळणाऱ्या जगांत आपलं खरं जग असतंच. नियम पाळणाऱ्या जगांत ते असेल याची काहीच हमी नसते.

खरी अडचण पुढे आहे. वसतिगृहाचा आणखी एक नियम: फाटक उघडं राहिलं, तर वहीत नोंद झाली पाहिजे. पण सगळे नियम पाळणाऱ्या जगांत फाटक उघडं राहतच नाही, मग नोंद कसली? फक्त आदर्श जगं बघितली तर हे वाक्य समजावताच येत नाही. क्रात्झर यांनी 1981 मध्ये दोन पायऱ्या मांडल्या. आधी वस्तुस्थिती पक्की धरायची: फाटक उघडं राहिलेली जगंच तेवढी घ्यायची. मग नियमांच्या कसोटीवर त्यांची उतरंड लावायची. नोंद झालेली जगं आदर्श नसली तरी न झालेल्यांपेक्षा वर बसतात, आणि सर्वांत वरच्या जगांत नोंद झालेली असते. कायद्यातली शिक्षेची कलमं अशीच चालतात. गुन्हा घडून गेल्यावर त्यातल्या त्यात योग्य काय, ते ती सांगतात.

ज्ञानपर 'पाहिजे'बद्दल अभ्यासकांचं अजून एकमत नाही. खिडकीतून पाऊस दिसत असताना कोणी "पाऊस पडत असला पाहिजे" म्हणत नाही. ओल्या छत्र्या घेऊन माणसं आत आली तर म्हणतं. यावरून काहींनी ठरवलं, की हे विधान साध्या "पाऊस पडतोय"पेक्षा कमजोर आहे. काई फॉन फिंटेल आणि अँथनी गिलीज यांनी 2010 मध्ये याला विरोध केला. त्यांच्या मते विधान तितकंच ठाम असतं, फक्त ते डोळ्यांनी न बघता तर्कानं काढलं आहे, एवढंच त्यातून कळतं.

मराठीत वाक्याची घडणही खूणगाठ देते. "तिने जेवलं पाहिजे" ही ताकीदच. "ती जेवली असली पाहिजे" हा सहसा अंदाज. पण "ती दहापर्यंत पोचली पाहिजे" हे वाक्य आई फोनवर रागानं म्हणते की घड्याळ बघत काळजीनं, यावर त्याचा अर्थ ठरतो.